बाबांच्या मेंदूत डोपामीन कमी आहे, मग सलाईनमधून डोपामीनच का देत नाहीत?

कोरडवाहू
नमस्कार मंडळी. आमचं गाव आर्णीपासून आत, दहा-बारा किलोमीटर. बाबा ७१ वर्षांचे, चार वर्षांपासून कंपवात. उजवा हात थरथरतो, आणि उंबरठा ओलांडताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. डॉक्टर म्हणाले, मेंदूत डोपामीन कमी पडतं. ११० ची गोळी दिवसातून तीनदा सुरू आहे.

मागच्या महिन्यात काकू आयसीयूत होत्या, बीपी पार खाली गेलं होतं. त्यांच्या पलंगाजवळच्या पंपावर चिठ्ठी चिकटवलेली: डोपामीन. मी सिस्टरला म्हटलं, हेच तर आमच्या बाबांना पाहिजे! ती हसली आणि "ते वेगळं" म्हणून निघून गेली. पण वेगळं कसं? नाव तेच, औषध तेच. जे कमी आहे ते सरळ शिरेतून का नाही टोचत?

आणखी एक. गोळी जेवणाआधी अर्धा तास द्या म्हणतात, पण बाबा ऐकत नाहीत. "रिकाम्या पोटी गोळी म्हणजे पोटात आग." दुपारची गोळी मात्र लागूच पडत नाही त्यांना. या दोन्हींचा काही संबंध आहे का?

पऱ्हाटी
प्रश्न लाखाचा हाय भाऊ. जागा पकडून ठेवतो.

निवृत्त_गुरुजी
सोपं आहे. मेंदूभोवती आवरण असतं, त्याला ब्लड ब्रेन बॅरियर म्हणतात. नारळाच्या करवंटीच्या आत जशी साल, तसं. त्यातून फक्त बारीक रेणू आत जातात, मोठे अडतात. डोपामीनचा रेणू मोठा असल्यामुळे अडतो. शाळेत शिकवायचो तेव्हा पोरांना गव्हाच्या चाळणीचं उदाहरण द्यायचो.

संत्राबर्फी
माझ्या मेव्हण्याला दोन वर्षांआधी ब्रेन हॅमरेज झालं. म्हणजे हा अडथळा फुटून रक्त मेंदूत गेलं का? त्याला डोपामीन चालेल का?

सूक्ष्मदर्शी
संत्राबर्फी, मेव्हण्यांचं प्रकरण वेगळं. तिथे रक्तवाहिनीच फुटली होती. या धाग्यावरचं काहीही वाचून त्यांना काही देऊ नका.

गुरुजी, माफ करा, पण तुमची चाळणी इथे उलटी पडते. डोपामीनचा रेणुभार १५३. बाबांच्या गोळीतल्या लेव्होडोपाचा १९७. मोठा आत जातो आणि लहान बाहेर राहतो.

आणि अडथळा करवंटीच्या सालीसारखा मेंदूभोवती नसतो. तो मेंदूच्या आत, प्रत्येक केशवाहिनीच्या भिंतीत असतो. १९१३ साली गोल्डमन नावाच्या संशोधकाने जनावराच्या रक्तात निळा रंग टोचला. सगळं शरीर आतून निळं झालं, मेंदू पांढराच राहिला. मग त्याने तोच रंग मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला, तेव्हा मेंदू निळा झाला. रंगाला मेंदूचं वावडं नव्हतं, त्याची वाट रक्ताकडून बंद होती. नेमकी कुठे बंद, ते कळायला १९६७ उजाडलं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं की मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना अशा घट्ट शिवलेल्या आहेत की मधे फटच नाही. दंडाच्या स्नायूतली केशवाहिनी घ्या, तिथे पेशींच्या मधून बरंच काही झिरपतं. मेंदूत ही शिवण घट्ट ठेवायला बाहेरून दुसऱ्या पेशींचे पाय वाहिनीला वेढून बसलेले असतात.

म्हणजे आत जायचं तर पेशींच्या मधून नाही, पेशीतूनच जावं लागतं. पेशीचं आवरण तेलकट. ज्याला तेलाशी जमतं ते शिरतं, ज्याला पाण्याशीच जमतं ते बाहेर थांबतं. डोपामीन पाण्यातलं, वर रक्तात त्याच्यावर विद्युतभार असतो. काकूंच्या पंपातलं डोपामीन हृदयावर आणि रक्तवाहिन्यांवर काम करत होतं. मेंदूच्या दारापर्यंत तेही पोचलं असणार, पण आत गेलं नसणार.

कोरडवाहू
ताई, मग लेव्होडोपा कसं जातं? तेही पाण्यातलंच असेल ना?

सूक्ष्मदर्शी
पाण्यातलंच आहे. पण ते दिसायला प्रथिनांच्या तुकड्यासारखं आहे. मेंदूला अमिनो आम्लं लागतात आणि ती स्वतःहून या भिंतीतून जात नाहीत, म्हणून भिंतीतच त्यांच्यासाठी वाहक बसवलेले आहेत. तुमच्याकडची काळीपिवळी समजा. या गाडीत फेनिलॲलानिन, ल्युसिन, टायरोसिन वगैरे मंडळी बसतात. लेव्होडोपा टायरोसिनचाच जवळचा भाऊ, म्हणून गाडीवाला त्यालाही बसवून घेतो. आत उतरला की मेंदूतलं एक एन्झाइम त्याचा एक तुकडा कापतं, आणि झालं डोपामीन. डोपामीनला गाडीत जागा नाही, म्हणून त्याला भावाचे कपडे घालून पाठवायचं, एवढीच युक्ती.

पऱ्हाटी
म्हणजे लग्नात आहेर न देता जेवून येणारा पाहुणा. पोरीकडचे म्हणतात पोराकडचा असंल, पोराकडचे म्हणतात पोरीकडचा 😄

मेडिकलवाला
बावीस वर्षं काउंटरवर आहे, एक गोष्ट जोडतो. ११० च्या गोळीत १०० मिलिग्रॅम लेव्होडोपा आणि १० मिलिग्रॅम कार्बिडोपा असतं. लोक विचारतात, हे दुसरं कशाला? ज्या एन्झाइमने मेंदूत डोपामीन बनतं ते आतड्यात, यकृतातही आहे. नुसतं लेव्होडोपा दिलं तर वाटेतच त्याचं डोपामीन होतं आणि शंभरातला जेमतेम एक भाग मेंदूत पोचतो. १९६७ च्या सुमारास पेशंटला दिवसाला कित्येक ग्रॅम द्यायचे, ते याचमुळे. लोक चालू लागायचे, पण ओकून ओकून हैराण व्हायचे. कार्बिडोपा ते एन्झाइम बंद पाडतं, म्हणून पाव हिश्शात काम भागतं.

आता यातली गंमत बघा. कार्बिडोपा स्वतः त्या भिंतीतून जात नाही. गेलं असतं तर मेंदूतलंही एन्झाइम बंद पडलं असतं आणि सगळंच मुसळ केरात. म्हणजे इथे अडथळा आपल्या कामी येतो.

निवृत्त_गुरुजी
वा! माझी चाळणी मागे घेतो. पण बारीक रेणू लवकर जातात हे अगदीच खोटं नाही ना?

सूक्ष्मदर्शी
नाही गुरुजी, अर्धं खरं आहे. तेलात विरघळणारं औषध असेल तर आकार महत्त्वाचा ठरतो. रेणुभार चारशे-पाचशेच्या वर गेला की जाणं कठीण होतं. शिवाय भिंतीत नुसत्या आत नेणाऱ्या गाड्या नाहीत, बाहेर हाकलणारे पंपही आहेत. तेलकट औषध शिरलं तरी पंप त्याला परत रक्तात फेकतो. त्यामुळे नुसत्या आकारावरून सांगता येत नाही.

कोरडवाहू
पंपावरून आठवलं, एक विचारायचंच राहिलं. दोन वर्षांआधी गोळी सुरू केली तेव्हा बाबांना फार मळमळ व्हायची. एका रात्री चार-पाच उलट्या झाल्या, जवळच्या एका खाजगी दवाखान्यात नेलं. उलटी थांबायचं इंजेक्शन दिलं. उलटी थांबली, पण दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा लाकडासारखे. मान वळेना, तोंडातून लाळ, चहाचा कप धरता येईना. आम्ही समजलो आजार वाढला. तीन दिवस खाटेवर. मग हळूहळू सुटले. हे इंजेक्शनमुळे होतं का?

मेडिकलवाला
कागद आहे का? मेटोक्लोप्रमाइड लिहिलेलं आहे का बघा.

कोरडवाहू
शोधला. हो, तेच. अक्षर डॉक्टरी, पण 'मेटोक्लो' एवढं वाचता येतं.

सूक्ष्मदर्शी
मग इंजेक्शनच असण्याची शक्यता जास्त. मेटोक्लोप्रमाइड डोपामीनची कुलपं बंद करतं, आणि भिंत ओलांडून मेंदूतही जातं. ज्याच्या मेंदूत आधीच डोपामीन कमी, त्याची उरलीसुरली कुलपंही बंद. माणूस आखडतो.

आता मळमळ का होते ते सांगते, मला हा भाग फार आवडतो. मेंदूच्या खालच्या टोकाशी एक बारीकशी जागा आहे जिथे ही घट्ट शिवण मुद्दामच सोडलेली आहे. तिचं काम रक्त चाखायचं. विषारी काही आलं की उलटी करवायची. अंगात बनलेलं डोपामीन मेंदूच्या बाकी भागात जाऊ शकत नाही, पण या उघड्या खिडकीला ते भेटतं, आणि बाबा ओकतात. म्हणून इथे असं औषध लागतं जे त्या खिडकीपर्यंत जाईल पण भिंतीच्या आत जाणार नाही. डोमपेरिडोन तसं आहे. कुलपं तीच बंद करतं, पण मेंदूत शिरायला लागलं की पंप त्याला बाहेर फेकतात. हृदयाच्या ठोक्यांवर त्याचा परिणाम होऊ शकतो, म्हणून वयस्कर माणसाला डॉक्टर आधी ईसीजी काढतात. ते आपलं आपण आणायचं औषध नाही.

मेडिकलवाला
आणि ११० चं गणित बघा. दिवसाच्या तीन गोळ्या म्हणजे कार्बिडोपा ३० मिलिग्रॅम. अंगातलं एन्झाइम नीट बंद पडायला दिवसाला ७० ते १०० लागतं. १२५ च्या गोळीत लेव्होडोपा तेवढंच, १००, पण कार्बिडोपा २५. तीनदा म्हणजे ७५. कमी गोळ्या आणि जास्त मळमळ असा पेशंट दिसला की हा हिशोब डॉक्टरांना विचारून बघावा. स्वतःहून गोळी बदलू नका, १२५ मधे जास्त माल मेंदूत पोचतो आणि अंग वेडंवाकडं हलायला लागू शकतं.

फवारणी_विरोधी_नर्स
मी यवतमाळ जिल्ह्यातच, ग्रामीण रुग्णालयात. विषय निघाला म्हणून सांगते. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झालेले लोक आमच्याकडे दर पावसाळ्यात येतात. २०१७ चा हंगाम इथला कोणी विसरला नसेल. त्यातली फॉस्फरसवाली औषधं तेलकट, सरळ मेंदूत जातात. आम्ही ॲट्रोपिन देतो, तेही मेंदूत जातं. छाती मोकळी झाली की डोस वाढवणं थांबवायचं, पण तो पुढे गेला तर पेशंट अंग तापून, कोरडा पडून, चादर ओढत बडबडतो. नातेवाईक म्हणतात, "विषाने वेडा झाला." कधी विषाने असतं, कधी आमच्या ॲट्रोपिनने, आणि रात्री दोन वाजता ते ओळखणं सोपं नसतं.

सोबत प्रॅलिडॉक्सिम देतात, त्याच्यावर कायमचा विद्युतभार. ते स्नायूंवर काम करतं, मेंदूत जवळपास पोचतच नाही. म्हणजे विषाला वाट मोकळी आणि उताऱ्याला नाकाबंदी. सूक्ष्मदर्शी ताईंनी सांगितल्यावर आज पहिल्यांदा नीट जुळलं.

पऱ्हाटी
सिस्टर, आमच्या चुलतभावाले असंच झालं होतं. तो रातभर भिंतीवरचे मुंगळे वेचत होता, भिंतीवर एक मुंगळा नव्हता. आम्ही मांत्रिकाले बोलावणार होतो.

निवृत्त_गुरुजी
धोत्रा खाल्लेला माणूस असाच करतो. ॲट्रोपिन त्याच कुळातलं ना?

फवारणी_विरोधी_नर्स
हो गुरुजी, तेच कूळ.

रानवैद्य
एवढी इंग्रजी नावं ऐकून कान किटले. आपल्या जंगलात खाजकुयली हाय. वैद्य लोक कवचबीज म्हणतात, कंपवातावर पूर्वापार देतात. त्यातही हेच लेव्होडोपा असते, कंपनीनं त्याच्यावरूनच चोरलं. मग दुकानातली गोळी कशाला? बाबाले सकाळी दुधातून एक चमचा बीचं चूर्ण द्या, तीन महिन्यात पळते का नाही पाहा.

मेडिकलवाला
रानवैद्य, बीत लेव्होडोपा आहे हे शंभर टक्के खरं, चोरलं म्हणणं सोडलं तर. पण हिशोब करा. बीत साधारण ३ ते ६ टक्के धरलं तर ५ ग्रॅम चूर्णात १५० ते ३०० मिलिग्रॅम. म्हणजे एका चमच्यात दीड गोळी की तीन, हे कोणालाच माहीत नाही. सोबत कार्बिडोपा नाही, त्यामुळे बराच माल वाटेतच फुटणार आणि मळमळ येणार. गोळीच्या वरून दिलं तर उलट डोस जास्त. आणि दुधातून तर मुळीच नको, दुधाचं कारण ताई सांगतील.

रानवैद्य
आमच्या आज्यानं किती लोकं चालवले, त्याचा हिशोब कोण ठेवते.

सूक्ष्मदर्शी
चालवले असतील, त्यावर मी वाद घालणार नाही. लेव्होडोपा आहेच त्यात.

दुधाचं कारण कोरडवाहूंच्या दुसऱ्या प्रश्नाचंच उत्तर आहे. काळीपिवळी आठवा. दूध, वरण, उसळ, अंडं खाल्लं की तासा-दोन तासात रक्तात अमिनो आम्लांची गर्दी होते. बाजाराच्या दिवशी गाडी भरते तशी. लेव्होडोपा दारातच उभं राहतं. बाबा दुपारी काय जेवतात, आणि गोळी किती वाजता घेतात?

कोरडवाहू
ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, बहुतेक चण्याची नाहीतर बरबटीची उसळ. वर ताक. एक वाजता जेवण, जेवून उठले की गोळी.

सूक्ष्मदर्शी
आठ दिवस वहीत लिहा. गोळी किती वाजता, सोबत काय खाल्लं, आणि बाबा "सुटले" किती वाजता. सुटणं म्हणजे सदऱ्याची गुंडी स्वतः लावता येणं, अशी एकच खूण ठरवा, नाहीतर रोज वेगळं मोजाल.

शंकासुर
मला एक कळत नाही. उसळ खाल्ली की पोट भरतं, पोट सावकाश रिकामं होतं, गोळी आतड्यात उशिरा पोचते. मग मेंदूच्या भिंतीला दोष कशाला? आतड्यातही असेच वाहक असतील.

सूक्ष्मदर्शी
बरोबर पकडलंत, आतड्यातही तसेच वाहक आहेत आणि तिथेही गर्दी होते. घरी बसून दोन्ही वेगळे करता येत नाहीत. पण १९८४ साली एक छान प्रयोग झाला. पेशंटला लेव्होडोपा थेट शिरेतून सलग दिलं, म्हणजे पोट आणि आतडं खेळातूनच बाहेर. रक्तातलं प्रमाण स्थिर, माणूस मोकळा हिंडतोय. मग त्याला फेनिलॲलानिन, ल्युसिन असली अमिनो आम्लं प्यायला दिली. रक्तातलं लेव्होडोपा कमी झालं नाही, तरी माणूस परत आखडला. ग्लायसिन आणि लायसिन दिलं तेव्हा काही झालं नाही, कारण ती या गाडीतली नाहीत. मेंदूच्या दारातच अडलं, हे यावरून दिसतं. बाबांच्या बाबतीत आतडं किती आणि भिंत किती, ते मी सांगू शकत नाही.

शंकासुर
ग्लायसिनवाला भाग पटला. बाकी मी माझ्या शंकेवर कायम.

पुण्यातला_दारव्हेकर
मी कुठेतरी वाचलं की आता अल्ट्रासाउंडने ही भिंत उघडता येते. मग गोळ्यांची कटकटच संपली ना?

सूक्ष्मदर्शी
उघडता येते. रक्तात अतिसूक्ष्म बुडबुडे सोडतात, कवटीबाहेरून ध्वनिलहरी एका जागी एकवटतात, बुडबुडे थरथरतात आणि तिथली शिवण काही तास सैल होते. मग ती परत घट्ट होते. मेंदूतल्या गाठीसाठी औषध पोचवायला यावर चाचण्या चालू आहेत. पण कंपवाताला दिवसातून तीनदा औषध लागतं, रोज तीनदा कोण भिंत उघडणार? आणि भिंत उघडली की औषधासोबत रक्तातलं नको ते पण आत जातं. गाडीत बसवून पाठवणं त्या मानाने फार सभ्य.

संत्राबर्फी
मेव्हण्याचं डॉक्टरला विचारलं. ते म्हणाले डोपामीनचा काही संबंध नाही. धन्यवाद.

कोरडवाहू
मंडळी, नऊ दिवसांची वही झाली. तीन दिवस जुन्याच पद्धतीने दिलं, जेवून गोळी. गुंडी लावता आली ती एकदा सव्वातीनला, एकदा साडेतीनला, आणि एक दिवस लागलीच नाही. मग डॉक्टरांना फोन करून विचारलं आणि वेळ बदलली. साडेबाराला गोळी, सोबत पाणी आणि पोटात आग नको म्हणून अर्धी कोरडी भाकरी. जेवण सव्वाएकला, दुपारी भाकरी आणि पालेभाजी, वरण-उसळ रात्रीच्या जेवणात नेली. सहापैकी चार दिवस गुंडी सव्वा ते दीडच्या दरम्यान लागली. एक दिवस दोनला. एक दिवस अजिबात नाही, त्या दिवशी पोट साफ नव्हतं.

११० की १२५, हे डॉक्टर पुढच्या तपासणीला ठरवणार आहेत. मेटोक्लोप्रमाइडचं नाव मी बाबांच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनने लिहून ठेवलं.

सूक्ष्मदर्शी
छान केलंत. वरण-उसळ बंद मात्र करू नका, फक्त वेळ हलवा. या आजारात वजन आधीच उतरतं. महिन्यातून एकदा वजन करत जा.

शंकासुर
पोट साफ नव्हतं त्या दिवशी गोळी लागली नाही. मी आपलं सांगून ठेवतो.

सूक्ष्मदर्शी
नोंद घेतली 😄

कोरडवाहू
बाबांना काळीपिवळीचं उदाहरण सांगितलं. ते म्हणाले, "मग मले सकाळीच सांगाचं ना, बाजाराच्या दिवशी मी कधी एक वाजताची गाडी धरली हाय काय?"